‘जय भीम’ने सुरू होणारी जाहिरात

गेल्या आठवड्यात लिंक्डइनवर एका अनोळखी माणसाची कनेक्शन रिक्वेस्ट आली. सोबत चिठ्ठी होती : “जय भीम सर. एससी विद्यार्थ्यांना परदेशी शिष्यवृत्ती हमखास मिळवून देतो. या महिन्यात फीमध्ये सवलत. कनेक्ट व्हा.”

‘जय भीम’ वाचलं की आपला हात आपोआप होकाराकडे जातो. माझाही गेला. पण आमच्या दोघांत सात म्युच्युअल कनेक्शन दिसत होती, आणि त्यातले चार माझे ज्युनिअर होते. एकाला फोन केला. तो म्हणाला, “दादा, मी ओळखत नाही त्यांना. तुमच्यातले दोघं-तिघं दिसले, म्हणून घेतलं.”

खरा मुद्दा इथेच आहे. रिक्वेस्ट स्वीकारली की त्या माणसाला आपल्याला थेट मेसेज करता येतो. आपण सेटिंग बदललेली नसेल तर आपल्या कनेक्शनची यादीही त्याला दिसते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, पुढच्या पोराला तो रिक्वेस्ट पाठवतो तेव्हा तिथे म्युच्युअल म्हणून आपलं नाव झळकतं. आपण न बोलता त्याचे जामीनदार झालेलो असतो. जिथे घरातली पहिलीच पिढी शिकते आहे, तिथे सीनिअरच्या नावाला फार वजन असतं.

मग उत्तर द्यावं का? चिठ्ठी असलेल्या रिक्वेस्टला न स्वीकारताही उत्तर देता येतं. मी एवढंच विचारलं : “राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीचा अर्ज विद्यार्थी स्वतः ऑनलाइन भरतो, निवड केंद्राचं सामाजिक न्याय मंत्रालय करतं. मग तुम्ही हमी कशाची देता?” अर्ज किंवा निबंध तपासून देणं हे काम आहे, त्याचे पैसे मागण्यात गैर काही नाही. त्याने तसं सांगितलं असतं तर मी पुढे बोललो असतो. उत्तर आलं : “सर, नंबर द्या, कॉलवर समजावतो.” लिहून द्यायला नकार, हेच माझं उत्तर होतं.

मी Ignore दाबलं. समोरच्याला त्याची सूचना जात नाही, त्यामुळे संकोच वाटायचं कारण नाही. नंतर ‘मी या व्यक्तीला ओळखत नाही’ असा पर्याय येतो, तोही निवडला. मग त्याच्याकडून पुन्हा रिक्वेस्ट येत नाही. त्या चौघांनीही त्याला यादीतून काढलं. तसं काढल्याचीही सूचना जात नाही.

सगळ्याच विक्रेत्यांना प्रश्न विचारत बसायची गरज नाही. विमा, शेअर ट्रेडिंग, वेबसाइट बनवून देणारे, यांना मी सरळ दुर्लक्षित करतो. उत्तर फक्त तिथे, जिथे माल आपल्या पोरांच्या हक्काच्या नावाने विकला जातो.

‘जय भीम’ला ‘जय भीम’ जरूर म्हणा. पण आपलं नाव देण्याआधी एक प्रश्न विचारा.