हरवलेली टिंबं

शाखेला पाठवलेल्या मेलमध्ये ‘अस्पष्ट’ हा शब्द मी मुद्दाम टाळला. कारण स्टेटमेंट अस्पष्ट नव्हतंच. प्रत्येक आकडा ठसठशीत काळा, कागद पांढराशुभ्र, कोपऱ्यात शिक्का आणि सही. फक्त सहा पानांवरची जवळजवळ सगळी दशांश चिन्हं नाहीशी झाली होती.

खातं आईचं. ती डबे करते आणि मोठी शेगडी, भांडी घेण्यासाठी तिला कर्ज हवं होतं. कर्ज देणाऱ्या संस्थेने वर्षभराचं सही-शिक्क्याचं स्टेटमेंट मागितलं. शाखेने ते छापलं, शिक्का मारला, स्कॅन केलं आणि मेलवर पाठवलं. तिकडच्या साहेबांनी पहिलं पान बघून विचारलं, “ताई, एकेका गिऱ्हाइकाचे अडीच अडीच लाख? मग जीएसटी नोंदणी कुठाय?” आईच्या डब्याचे महिन्याचे २६०० रुपये होतात. कागदावर होतं २६००००.

मी शाखेत फोन केला. “झूम करून बघा ना,” उत्तर आलं. मी झूम केलं होतं. टिंब लहान दिसत नव्हतं, ते तिथे नव्हतंच.

असं होतं कसं? स्टेटमेंटचा टाइप बारीक असतो. त्यातलं टिंब असेल साधारण ०.३ मिलिमीटरचं. ऑफिसातलं स्कॅनर बऱ्याचदा २०० डीपीआयवर आणि निव्वळ काळ्या-पांढऱ्यावर लावलेलं असतं, म्हणजे फाइल हलकी होते. २०० डीपीआयला एक पिक्सेल ०.१२७ मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या टिंबाच्या वाट्याला येतात रुंदीला दोन-तीन पिक्सेल. शाई फिकी असेल तर तेही राखाडी. काळं-पांढरं मोड राखाडी ठेवत नाही, फिकं ते पांढरं करून टाकतं. त्यातून वाचलं तर पुढे ‘डीस्पेकल’ नावाची सफाई असते. कागदावरची धूळ, बारीक ठिपके पुसायचं तिचं काम. सुटा, एकटा, छोटा काळा ठिपका दिसला की ती पुसते. धूळ आणि दशांश चिन्ह यांत तिला फरक कळत नाही.

ही शंका खरी आहे का, हे त्याच पानावर तपासता येतं. इंग्रजी मजकुरातल्या लहान ‘आय’वरचं टिंब बघायचं. आमच्या प्रतीत ते गेलं होतं. आणि मराठीची सोय अशी की आपल्याकडे अनुस्वार आहे. तळाशी बारीक अक्षरात ‘संगणकाद्वारे’ छापलेलं असतं. स्कॅनमध्ये ते ‘सगणकाद्वारे’ झालं होतं, आणि ‘बँकेच्या’चं ‘बॅकेच्या’. आकडे कोणी बदलले असते तर अनुस्वार कशाला पुसले असते? सफाईने मात्र सगळ्या टिंबांना सारखंच वागवलं.

मग वाटलं, बेरीज-वजाबाकी करून खरे आकडे सिद्ध करू. तिसऱ्या पानावर शिल्लक १४३८२६०, जमा २६००००, नवी शिल्लक १६९८२६०. जुळलं! पण १४३८२.६० आणि २६००.०० घेतले तरी १६९८२.६० येतात. तेही जुळलं. सगळेच आकडे शंभरपट झाले तर बेरीज काहीच सांगत नाही. व्याजाचा दर काढूनही उपयोग नाही, कारण व्याज आणि शिल्लक दोन्ही शंभरपट झाल्यावर दर तोच राहतो. स्वल्पविराम असते तर काम सोपं होतं. १६,९८२.६० मधलं टिंब गेलं तर १६,९८२६० उरतं. स्वल्पविरामापुढे तीनाऐवजी पाच अंक दिसले की शेवटचे दोन पैसे, हे लगेच कळतं. आमच्या स्टेटमेंटमध्ये स्वल्पविराम छापलेच नव्हते.

म्हणून बाहेरून ठाऊक असलेला एखादा आकडा लागतो. तो सापडला पुढच्याच ओळीत. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा वर्षाचा हप्ता २०२२पासून ४३६ रुपये आहे, आणि तो खात्यातून आपोआप कापला जातो. स्कॅनमध्ये कपात ४३६००, शिल्लक १६५४६६०. ४३,६०० रुपयांचा हप्ता त्या योजनेत असूच शकत नाही. म्हणजे ही ओळ पैशांत वाचायची. आणि शिल्लक ओळीला ओळ जोडत जाते, म्हणून पूर्ण पान पैशांत.

खरी पंचाईत चौथ्या पानावर होती. तिथे एक टिंब वाचलं होतं. शाई थोडी पसरून ते शेजारच्या अंकाला चिकटलेलं, त्यामुळे सफाईला ते सुटं वाटलं नाही. ओळ अशी: आधीची शिल्लक १३५४६६०, किराणा २१४०.००, नंतरची शिल्लक ११४०६६०. दोन हजार गेले आणि शिल्लक दोन लाखांहून जास्त उतरली! एक टिंब दिसलं की वाचणारा धरून चालतो, जिथे टिंब नाही तिथे पैसे नाहीत. सगळी टिंबं गेलेलं पान फुगलेलं दिसतं. काही गेलेलं पान खोटं दिसतं. कर्जाच्या साहेबांना तेच दिसलं होतं.

मेल आईच्या बँकेत नोंदलेल्या पत्त्यावरूनच पाठवला, खात्याचे फक्त शेवटचे चार अंक देऊन:

“मा. शाखा व्यवस्थापक, आपण पाठवलेल्या स्टेटमेंटच्या स्कॅनमध्ये दशांश चिन्हे उमटलेली नाहीत. उदा. पान ३, विमा हप्ता ४३६.०० ऐवजी ४३६०० दिसतो. पान ४ वर किराण्याच्या ओळीत चिन्ह आहे, पण तिच्या शिलकीत नाही, त्यामुळे हिशेब जुळत नाही. याच पानांवर ‘संगणकाद्वारे’ शब्दातील अनुस्वारही नाही, यावरून दोष स्कॅनिंगचा असावा. कृपया पुढीलपैकी एक द्यावे: (१) संगणकातून थेट काढलेली, डिजिटल सहीची पीडीएफ, (२) ३०० डीपीआय, ग्रेस्केल, डीस्पेकल बंद ठेवून नवे स्कॅन, (३) सही-शिक्क्याची मूळ कागदी प्रत. आधीची प्रत रद्द समजावी, असे उत्तरात लिहावे. तक्रार क्रमांक कळवावा. आपली,”

शेवटची दोन वाक्यं आईला जास्तीची वाटली. “अगं, साहेबांना राग येईल.” पण एकाच खात्याच्या, एकाच शिक्क्याच्या दोन वेगळ्या प्रती कर्जाच्या फाइलीत राहिल्या, तर संशय दुप्पट. आणि तारखेसह क्रमांक हवा, कारण बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तरच रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. ती तक्रार cms.rbi.org.in वर करता येते, फी नाही.

तिथवर जावं लागलं नाही. चौथ्या दिवशी शाखेतल्या एका बाईंचा फोन आला. “ते डीस्पेकल कुठे असतं हो मशिनमध्ये?” मी म्हटलं, प्रत्येक मशिनचा मेनू वेगळा, स्कॅनच्या सेटिंगमध्ये इमेज क्वालिटीच्या आसपास बघा. त्या म्हणाल्या, “राहू दे, पीडीएफच पाठवते. पण आमच्याकडून महिनाभरात बरीच स्टेटमेंटं गेलीत असल्या स्कॅनने.” आणि थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही.

संध्याकाळी पीडीएफ आली. थेट काढलेल्या फाइलमध्ये आकडा बोटाने दाबून धरला की निवडता येतो, स्कॅनमध्ये तो नुसतं चित्र असतो. मी विम्याची ओळ निवडली: ४३६.००. आईने चष्मा लावून फोन हातात घेतला आणि सहाही पानांवर, प्रत्येक ओळीला, बोट ठेवून टिंब मोजलं.