संपाची तारीख जाहीर झाल्यावर विमानाचं तिकीट

माझी थोरली बहीण, आमची आपा, गेली कित्येक वर्षं मिलानला राहते. तिच्या मुलाचा निकाह शनिवारी ठरला. आम्ही चौघं इथून जाणार होतो: अम्मी, मी, माझी बायको आणि धाकटा भाऊ. व्हिसा हातात आले, तिकिटं काढायला बसलो आणि आपाचा फोन आला. निकाहच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मिलानच्या विमानतळांवर सामान चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या आणि काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांनी २४ तासांचा संप पुकारला होता. निकाहला तेव्हा १९ दिवस बाकी होते.

इटलीत संप असा सांगूनसवरून होतो. १९९० सालच्या कायद्याने विमान, रेल्वे, इस्पितळं अशा सेवांमधल्या संघटनांना किमान १० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. तिथल्या परिवहन मंत्रालयाच्या संकेतस्थळावर येऊ घातलेल्या संपांची यादीच असते: तारीख, किती तास, कोणत्या विमानतळावर, कोणते कर्मचारी. ऐन उन्हाळी सुट्टीत, २७ जुलै ते ५ सप्टेंबर, विमानसेवेत संप करायला बंदी असते. म्हणून सप्टेंबरनंतर प्रवास करणाऱ्याने तिकीट काढण्याआधी ही यादी एकदा बघावीच.

भाऊ म्हणाला, ‘‘इन्शुरन्स काढू ना, मग कशाला घाबरायचं?’’ पुष्कळांना असंच वाटतं. पण प्रवास विमा अनपेक्षित गोष्टींसाठी असतो. संप जाहीर झाला की विमा कंपनीच्या लेखी ती आधीपासून माहीत असलेली गोष्ट होते. त्यानंतर काढलेल्या पॉलिसीत त्या संपामुळे झालेलं नुकसान सहसा मिळत नाही. तिकीट आणि पॉलिसी दोन्ही संपाच्या घोषणेआधीची असतील आणि पॉलिसीत संपाचा उल्लेख असेल, तरच दावा उभा राहतो. शेंगेन व्हिसासाठी आपण जो विमा काढतो, तो मुळात किमान ३०,००० युरोच्या वैद्यकीय खर्चाचा. ती पॉलिसी अम्मीच्या गुडघ्यासाठी कामाची होती, बुडालेल्या विमानासाठी नव्हती. तेव्हा आमचा बचाव पॉलिसीतून होणार नव्हता, तो तिकीट कसं काढतो यातूनच व्हायला हवा होता.

आमच्यापुढे तीन रस्ते होते. पहिला भावाने शोधलेला, सगळ्यात स्वस्त: मुंबई ते रोम एक तिकीट, आणि शुक्रवारी दुपारी रोमहून मिलानला स्वस्तातल्या कंपनीचं दुसरं तिकीट. माणशी साधारण ९,००० रुपये वाचत होते. दुसरा, फ्रँकफर्टमार्गे एकाच कंपनीचं सलग तिकीट, शुक्रवारी दुपारी मिलानला. तिसरा, आखातातून एकच थांबा घेऊन थेट मिलान.

पहिल्या रस्त्यातली अडचण संप नसतानाही असते, संपात ती उघडी पडते. दोन वेगळी तिकिटं म्हणजे दोन वेगळे पीएनआर, आणि दोन कंपन्यांशी दोन वेगळे करार. रोम-मिलान विमान रद्द झालं तर दुसरी कंपनी फक्त त्या तासाभराच्या प्रवासापुरती जबाबदार. आणि मुंबईचं विमान उशिरा पोहोचून रोमचं चुकलं, तर दुसऱ्या कंपनीच्या नोंदीत आपण वेळेवर न आलेले प्रवासी, म्हणजे ते तिकीट गेलंच. सलग एका पीएनआरवर असलं की मुंबई ते मिलान हा एकच प्रवास धरला जातो, आणि मधला कुठलाही तुकडा तुटला तरी शेवटच्या मुक्कामापर्यंत पोहोचवणं त्या कंपनीवर येतं. एजंटकडून तिकीट घेताना म्हणून एकच प्रश्न विचारावा: सगळ्या विमानांना पीएनआर एकच आहे का, आणि बॅग थेट शेवटच्या विमानतळावर मिळणार का? दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर पहिल्याचं ‘हो’ पुन्हा तपासावं.

दुसरा आणि तिसरा रस्ता यांत फरक होता तो इटलीच्याच एका नियमाचा. संपाच्या दिवशीही तिथे सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेतली विमानं चालवावीच लागतात. शिवाय नागरी विमान प्राधिकरण, म्हणजे एनाक, चालणारच अशा विमानांची यादी देतं, आणि दुसऱ्या खंडातून इटलीत येणारी विमानं तिच्यात धरली जातात. आखातातून मिलानला येणारं विमान असं दुसऱ्या खंडातून येणारं. पण फ्रँकफर्ट-मिलान हा युरोपातल्या युरोपातला प्रवास, आणि आमचं ते विमान दुपारचं, म्हणजे सुरक्षित वेळांच्या बाहेर. रद्द होण्याची शक्यता त्याचीच जास्त.

कायद्याचं पारडं मात्र उलटं होतं. युरोपीय संघाचा २००४ सालचा २६१ क्रमांकाचा नियम युरोपातून उडणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला लागू होतो. बाहेरून युरोपात येताना तो फक्त युरोपीय कंपन्यांना लागू. म्हणजे फ्रँकफर्टमार्गे जाणाऱ्या जर्मन कंपनीवर आम्हाला पर्यायी विमान, खाणंपिणं, गरज पडली तर हॉटेल देण्याची सक्ती होती. आखाती कंपनीवर जाताना ती नव्हती, परतीला होती. आपल्या डीजीसीएच्या नियमांतही संप हे भरपाई टाळण्याचं मान्य कारण आहे.

मग कायदा निवडायचा की वेळ? आम्ही वेळ निवडली. पर्यायी विमान ‘लवकरात लवकर’ द्यावं असं नियम म्हणतो, पण त्या विमानात जागा असायला हवी. संपानंतरच्या दिवशी अडकलेले सगळेच जागा शोधत असतात. रविवारी मिलानला पोहोचवून कंपनीने नियम पाळला असता आणि आमचा निकाह चुकला असता. आखातातलं विमान यादीत असलं तरी उतरल्यावर बॅगा किती तासांनी मिळतील आणि अम्मीसाठी मागितलेली व्हीलचेअर कोण आणेल, हे प्रश्न होतेच. संपावर जाणार होते ते नेमके हेच लोक.

म्हणून तिसराच रस्ता, पण एक दिवस आधी, गुरुवारी दुपारी पोहोचेल असा घेतला. माणशी ६,२०० रुपये जास्त पडले, चौघांचे २४,८००. त्याआधी एक गोष्ट तपासली: व्हिसाच्या स्टिकरवर कोणत्या तारखेपासून प्रवेश आहे. शेंगेन व्हिसाची सुरुवात बहुधा अर्जातल्या प्रवासाच्या तारखेला धरून देतात. तारीख शुक्रवारची असती, तर गुरुवारचं तिकीट काढूनही मुंबईतच अडवलं असतं. आमच्या व्हिसावर बुधवार होता. अम्मीने हिशोब ऐकला आणि म्हणाली, ‘‘उंट बांधलास, आता तवक्कुल कर.’’

ज्यांचं तिकीट संप जाहीर होण्याआधीच काढलेलं असतं, त्यांचा प्रश्न वेगळा. आपाच्या जावेचा मुलगा म्युनिकला नोकरी करतो. त्याचं विमान शुक्रवारी दुपारचं होतं. त्याच्याबरोबर येणाऱ्या मित्राने चार दिवस आधी घाबरून स्वतःच तिकीट रद्द केलं. स्वस्तातलं तिकीट, परत मिळाले ते फक्त विमानतळाचे कर. जावेच्या मुलाने मात्र काहीच केलं नाही, फक्त कंपनीच्या ॲपमध्ये आपला मोबाइल नंबर बरोबर आहे की नाही ते पाहिलं. बुधवारी रात्री कंपनीनेच विमान रद्द केलं. आता त्याला निवडीचा हक्क होता: पूर्ण पैसे परत किंवा दुसरं विमान.

इथे घाई होते. संदेशात पैसे परत घेण्याचं बटण ठळक असतं आणि माणूस ते दाबतो. पैसे स्वीकारले की आपल्याला पोहोचवण्याची कंपनीची जबाबदारी तिथेच संपते, आणि त्या दिवसाचं नवं तिकीट आपण दुप्पट-तिप्पट भावाने घेतो. त्याने ते दाबलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी ७ च्या सुमाराला मिलानला उतरणारं, म्हणजे सुरक्षित वेळेतलं, विमान त्याने आधी शोधून ठेवलं होतं. फोन करून नुसतं ‘मला दुसरं विमान द्या’ न म्हणता त्याने त्या विमानाचा क्रमांक सांगितला. दहा मिनिटांत, एक पैसाही जास्त न देता, त्याची जागा तिथे झाली. एजंटकडून तिकीट काढलेल्यांनी बुकिंगमध्ये एजंटचा नव्हे तर स्वतःचा नंबर आहे ना, हे म्हणूनच आधी बघावं. नाहीतर विमान रद्द झाल्याचा संदेश दुकानातल्या फोनवर येऊन पडतो.

त्याने रोख भरपाईही मागितली, ती मिळाली नाही, आणि ते नियमाला धरूनच होतं. विमानतळाचे किंवा हवाई नियंत्रण कक्षाचे कर्मचारी संपावर गेले तर ती गोष्ट विमान कंपनीच्या हाताबाहेरची मानतात. पर्यायी विमान आणि खाणंपिणं द्यावं लागतं, रोख रक्कम नाही. संप कंपनीच्या स्वतःच्या वैमानिकांचा असेल तर चित्र बदलतं. एसएएस कंपनीच्या वैमानिकांच्या संपाबद्दल युरोपीय न्यायालयाने २०२१ मध्ये निकाल दिला, की पगारासाठी रीतसर पुकारलेला असा संप कंपनीच्या रोजच्या कारभाराचाच भाग आहे. तेव्हा विमान रद्द झाल्याचं १४ दिवसांपेक्षा कमी मुदतीत कळलं, तर अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो मागता येतात. म्हणून संपाची बातमी वाचताना संपावर कोण आहे, हे तारखेइतकंच नीट वाचावं.

शेवटच्या क्षणी संप मागे घेतला जाणं किंवा २४ तासांचा ४ तासांवर येणं, हेही इटलीत नेहमीचं. तसं झालं असतं तर आमचे २४,८०० रुपये फुकट गेले, असं भाऊ म्हणाला असता. पण रद्द केलेली सगळीच विमानं संप मागे घेतल्यावर परत लागत नाहीत. तोवर वैमानिकांच्या पाळ्या बदललेल्या असतात आणि विमानं दुसऱ्याच शहरात उभी असतात. आम्ही गुरुवारी दुपारी उतरलो, व्हीलचेअर दारातच उभी होती, बॅगा अर्ध्या तासात आल्या. शनिवारी निकाह झाला. रविवारी सकाळी भावाने आपण होऊन मंत्रालयाची यादी उघडली आणि आमच्या परतीच्या तारखेसमोर काही लागलंय का, ते बघायला लागला.