शेंगदाणा भाजताना झालेला ५२० ग्रॅमचा घोळ

तामलवाडीतून सोलापूर जवळ, त्यामुळे चटणीसाठी दाणा भाजून द्यायचं काम आमच्याकडं चालतं. गॅसवरचा छोटा ड्रम आहे, १० किलोचा घाणा. बऱ्याच जणांनी आता असे ड्रम घेतलेत, भाजायला जमतंय पण माल एकसारखा येत नाही म्हणतात. माझाच एक घोळ सांगतो.

घाण्याआधी नि नंतर वजन करायची सवय मला पहिल्यापासून. कोरड्या दाण्याचे १० किलो टाकले की गार झाल्यावर साधारण ९ किलो ४८० भरायचे, म्हणजे ५२० ग्रॅम घट. ती आली की घाणा बरोबर, असं मी धरून चाललो होतो. दिवाळीनंतर नवा दाणा आला, काढणीत पावसात भिजलेला. घट बरोबर ५२० ग्रॅम. रंगही छान. पण तीन आठवड्यांत गिऱ्हाईकाचा फोन, चटणी चिवट लागतेय, वास बदलतोय.

हिशेब मांडला तेव्हा चूक कळली. जुन्या दाण्यात ओल ७ टक्के होती. म्हणजे १० किलोत ७०० ग्रॅम पाणी, ९ किलो ३०० कोरडा माल. ५२० ग्रॅम गेलं, १८० ग्रॅम उरलं. भाजलेल्या वजनावर ही ओल २ टक्क्यांच्या आत येते. नवा दाणा ९ टक्के ओलीचा निघाला. त्यात पाणी ९०० ग्रॅम. तेवढंच ५२० गेलं तर ३८० ग्रॅम आतच राहिलं, म्हणजे ४ टक्के. त्याला घट ७०० ग्रॅमच्या पुढं हवी होती. आता आडतीवर ओलीचं मीटर लावल्याशिवाय मी घाणा टाकत नाही. आणि गळून पडलेली लाल साल वेगळी तोलून घटीतून वजा करतो, नाहीतर सालीलाच पाणी समजून फसतो. (कॉफी भाजणाऱ्यांची घट १२ ते २० टक्के असते, कारण तिथं पाण्याबरोबर दाण्यातला कोरडा मालही बराच जातो. दाण्याला तो आकडा लावू नका.)

मग रंग कसा छान आला? कारण ड्रम लय तापलेला होता. दाणा टाकायच्या वेळी माझ्या काट्यावर १८० असावं लागतं, त्या दिवशी २१० च्या पुढं होतं. गरम पत्र्यानं साल पटकन लाल होते, आत ओल कोंडलेली राहते. ओळखायला सोपं आहे: दाणा दोन फाकांत फोडा. बाहेर तांबूस नि मध्ये पांढुरका, ओलसर दिसला तर ताव जास्त होता. सालीवर काळे टिपके असले तर नक्कीच. उलट ड्रम गार असताना टाकला तर तासभर रगडत बसतो, घट मिळते पण दाणा कडक नि बेचव होतो.

काट्यावर मात्र आंधळा विश्वास नको. पहिल्या घाण्यात काटा १८० दाखवतो, पण पत्रा अजून आतून तापलेला नसतो. चौथ्या घाण्याला तोच काटा १८० दाखवतो नि पत्रा भट्टीसारखा असतो. म्हणून मी पहिल्याला १० अंश जास्त ठेवतो, पुढं कमी करत येतो. घाणा ६ किलोचा असेल तर आणखी कमी, कारण थोड्या दाण्यावर तेवढीच उष्णता चढते.

हवेची गोष्ट मला उशिरा कळली. धुराड्याची झडप बंद ठेवली की गॅस वाचतो खरा, पण दाण्याची वाफ आतच फिरते. दाणा भाजण्याऐवजी शिजतो, साल सुटत नाही, धुराचा वास बसतो. पूर्ण उघडली तर ताव उडून जातो. मी सुरुवातीला अर्धी ठेवतो, वाफ दिसू लागली की जास्त उघडतो, शेवटी धूर बाहेर जाईल इतकी. तपासायला उदबत्ती लावतो आणि टाकायच्या तोंडाशी धरतो. धूर हळू आत ओढला गेला तर ठीक. बाहेर आला तर हवा अडलीय. एकदा सगळं तसंच असताना घाणा पाच मिनिटं उशिरा यायला लागला. धुराड्याच्या जाळीत साल अडकून बसली होती. तेव्हापासून रोज जाळी झाडतो.

बुरशी लागलेला, काळा-हिरवा दाणा मात्र भाजायच्या आधीच निवडून काढा. भाजल्यानं त्यातलं विष पूर्ण जात नाही.

त्या ओल्या दाण्याचं मग असं केलं: दोन दिवस उन्हात पसरला, ओल ७ टक्क्यांवर आली, १७५ वर टाकला, झडप थोडी जास्त उघडी ठेवली. ९ किलो ४७० भरला. फोडून बघितलं तर आतपर्यंत एकच रंग. गिऱ्हाईकाला आधीचा माल बदलून दिला, वाहतूक माझ्याच खर्चानं.