कृपण म्हणजे कृपाळू नव्हे

मराठीच्या अभ्यासात अपठित उतारा हा प्रकार मुलांना नेहमीच अवघड वाटत आला आहे. धडा पाठ करता येतो, कवितेचा अर्थ मार्गदर्शकातून उतरवून घेता येतो. परंतु जो उतारा आयुष्यात प्रथमच डोळ्यांसमोर येतो त्याची तयारी कशी करायची? त्यातच एखादा अनोळखी शब्द आडवा आला की मुले दोन वाटांनी जातात. काही जण तो शब्द ओलांडून पुढे धावतात आणि काही जण तेथेच बसकण मारतात. अशा वेळी आपण वडीलधारी माणसे 'अरे, संदर्भावरून अर्थ लाव' एवढे सांगून मोकळे होतो. ही सूचना म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलून 'पोह' म्हणण्यापैकीच आहे. संदर्भ म्हणजे नेमके काय, तो कोठे पाहायचा आणि लावलेला अर्थ बरोबर की चूक हे कसे ओळखायचे, हे त्यात कोठेच येत नाही.

आठवी-नववीच्या मुलांचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग आम्ही गेली काही वर्षे घेत आहोत. त्या वर्गासाठी आम्ही स्वतःच लहान लहान उतारे लिहितो. त्यांपैकी एक येथे देतो, म्हणजे पुढचे बोलणे हवेत राहणार नाही.

"त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मोठे वादळ झाले आणि किनाऱ्यावरच्या पाच होड्या फुटल्या. ज्यांचे पोट मासेमारीवर होते त्या कुटुंबांना विपन्नावस्था आली. कोणी घरातली भांडी विकली, कोणी मुलांना शाळेतून काढले. शेजारच्या गावी एक धनाढ्य व्यापारी होता. एरवी कृपण म्हणून ओळखला जाणारा हा गृहस्थ त्या महिन्यात सढळ हाताने कर्जे वाटू लागला. लोकांना नवल वाटले. म्हाताऱ्या तांडेलाने मात्र 'हे देणे नव्हे, हे जाळे आहे,' असे बजावले. त्याचे कोणी ऐकले नाही. तांडेल उद्विग्न होऊन घरी परतला."

या उताऱ्यात 'कृपण' हा शब्द आम्ही जाणूनबुजून घातला आहे. वर्गात अर्थ विचारला की पहिले उत्तर हमखास येते, 'कृपाळू'. ते यावे हे स्वाभाविकच आहे. आमच्या घरांतून सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेत 'कृपा' हा शब्द मुलांच्या कानांवर पडतच असतो. ओळखीच्या शब्दाचा चेहरा अनोळखी शब्दात दिसला की मूल तिकडेच धाव घेते. शिवाय पुढे तो गृहस्थ सढळ हाताने कर्जे वाटतो, म्हणजे अर्थ जुळल्यासारखाही वाटतो. चुकीचा अर्थ पूर्णपणे विसंगत असेल तर तो लवकर उघडा पडतो; अर्धा जुळणारा अर्थ मात्र मुलाच्या मनात वर्षानुवर्षे घर करून राहतो. मुलाने 'कृपाळू' धरले की सगळा उताराच उलटतो. व्यापारी सज्जन ठरतो, तांडेल संशयी आणि मत्सरी ठरतो, आणि 'या उताऱ्यातून काय बोध होतो?' या प्रश्नाचे उत्तर भलतीकडे जाते. एका शब्दापायी सहा-सात गुण गेलेले आम्ही पाहिले आहेत. पण गुणांपेक्षाही, कर्जाचे जाळे विणणारा माणूस मुलाला सज्जन वाटला, याची आम्हाला अधिक रुखरुख लागते.

येथे न्यूझीलंडचे पॉल नेशन आणि त्यांचे सहकारी क्लार्क यांनी 1980 साली मांडलेली रीत आम्हाला उपयोगी पडली. ती परभाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी होती, परंतु मराठीलाही ती लागू पडते. तिची खुबी क्रमात आहे. प्रथम शब्दाची जात पाहायची. मग त्याच वाक्यात शेजारी काय आहे ते पाहायचे. मग मागचीपुढची वाक्ये जोडून पाहायची. मग अर्थाचा अंदाज बांधायचा आणि शेवटी तो तपासायचा. शब्दाची फोड करून उपसर्ग-प्रत्यय पाहणे हे काम या रीतीत सर्वांत शेवटी, तपासणीच्या वेळी येते. आपली मुले नेमकी तेथूनच सुरुवात करतात.

आता हीच पावले 'कृपण'वर टाकून पाहू. 'कृपण म्हणून ओळखला जाणारा' या रचनेवरून तो माणसाचा गुण किंवा अवगुण सांगणारा शब्द आहे, हे कोणीही सांगते. त्याच वाक्याच्या आरंभी 'एरवी' आहे. या लहानशा शब्दाकडे मुलांचे लक्ष जात नाही, कारण तो त्यांना माहीत असतो आणि माहीत असलेले शब्द ती वाचतच नाहीत. 'एरवी' म्हणजे त्या महिन्याखेरीजचा सगळा काळ. म्हणजे त्या महिन्यातले वागणे नेहमीच्या वागण्याहून वेगळे आहे. त्या महिन्यात तो सढळ हाताने देतो; तर नेहमी कसा असेल? पुढचे वाक्य सांगते की लोकांना नवल वाटले. मग आम्ही मुलांना फळ्यावर शब्द बदलून वाक्य लिहायला लावतो : 'एरवी कृपाळू म्हणून ओळखला जाणारा हा गृहस्थ त्या महिन्यात सढळ हाताने कर्जे वाटू लागला. लोकांना नवल वाटले.' वाक्य मोठ्याने वाचताच वर्गातून कोणीतरी म्हणतोच, 'कृपाळू माणसाने दिले तर नवल कसले?' तेथे पहिला अंदाज गळून पडतो. मग दुसरा येतो, 'गरीब'. तो 'एरवी'शी जुळतो, नवलाशीही जुळतो. पण मागच्या वाक्यातला 'धनाढ्य' त्याला आडवा येतो. त्यानंतर 'कंजूष', 'चिक्कू' ही उत्तरे येतात आणि ती सर्व वाक्यांच्या कसोटीला उतरतात.

जाता जाता सांगायला हवे की 'कृपाळू' म्हणणारे मूल अगदीच आडरानात गेलेले नसते. संस्कृतात 'कृपण'चा एक जुना अर्थ दीन, कीव यावी असा आहे, आणि 'कृपा'शी त्याचे नाते आहे. परंतु शब्दाचे कुळ ठाऊक असले म्हणून आजचा शब्द त्या कुळाप्रमाणेच वागेल, असे नाही. मराठीत तर या बाबतीत चकवे बरेच आहेत. 'अवाढव्य'मध्ये 'अ' पाहून आणि 'वाढ' ऐकून आमच्या एका विद्यार्थिनीने 'न वाढलेले, खुरटे' असा अर्थ लिहिला होता. उताऱ्यात तो शब्द एका जहाजासाठी होता! 'अमूल्य' म्हणजे ज्याला किंमत नाही, 'निष्णात' म्हणजे ज्याला काही येत नाही, असेही आम्ही वाचले आहे. फोड करणे वाईट नव्हे. पण वाक्याने काय सांगितले हे आधी ऐकून मग फोडीला साक्षीला बोलवावे.

'विपन्नावस्था' सोपी आहे. तिच्यामागून लगेच भांडी विकण्याचा आणि शाळा सुटण्याचा उल्लेख येतो. शब्दाचा अर्थ कृतीतून समोर ठेवला आहे. मुले 'हलाखी', 'वाईट दिवस' असे काहीतरी लिहितात आणि ते चालते.

'उद्विग्न'ची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि त्यासाठीच तो शब्द आम्ही ठेवला आहे. ज्याचे कोणी ऐकले नाही तो माणूस दुःखी होऊन घरी जाईल, रागावून जाईल, थकून जाईल, काळजीत जाईल. यांतला कोणताही शब्द घालून वाक्य वाचा, ते सुरळीत चालते. उतारा येथे इतकेच सांगतो की तो आनंदात गेला नाही. अमेरिकेतील इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 साली हाच मुद्दा मांडला होता : सर्व संदर्भ सारखे नसतात. काही अर्थ स्पष्ट दाखवतात, काही पुसटसा सुचवतात, काही मुकेच राहतात आणि काही तर उलट्या दिशेने नेतात. लेखक गोष्ट सांगण्यासाठी लिहितो, शब्दार्थ शिकवण्यासाठी नव्हे. त्याची वाक्ये मुकी निघाली तर त्याला दोष देता येत नाही. म्हणून 'प्रत्येक शब्दाचा अर्थ उताऱ्यातच दडलेला असतो' असे मुलांना सांगणे आम्हाला पटत नाही. 'एवढे कळले, पुढचे कळत नाही' असे लिहिण्याची मुभा मुलाला असली पाहिजे. उरलेले काम शब्दकोशाचे. तेथे 'उद्विग्न'पुढे खिन्न, त्रस्त, चिंताग्रस्त असे अर्थ मिळतात आणि मुलांचा अर्धा अंदाज पुरा होतो.

दुसरी एक मर्यादा घरी अभ्यास घेणाऱ्या आई-वडिलांनी विशेष ध्यानात ठेवावी. अनोळखी शब्दाचा अर्थ शेजारचे शब्द सांगतात. पण शेजारीही अनोळखी असतील तर सांगणार कोण? 'धनाढ्य' आणि 'सढळ' ज्याला ठाऊक नाहीत त्याला 'कृपण' कधीच सापडणार नाही. हू आणि नेशन यांनी 2000 साली इंग्रजी शिकणाऱ्या वाचकांवर केलेल्या अभ्यासातून असा निष्कर्ष काढला की, कोणाच्या मदतीवाचून गोष्ट नीट समजण्यासाठी शंभरांतले सुमारे 98 शब्द वाचकाला माहीत असावे लागतात. मराठीसाठी हाच आकडा धरावा असे आम्ही म्हणत नाही, परंतु अंदाज येतो. आम्ही मुलांना न अडखळता उतारा एकदा वाचू देतो आणि अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारायला सांगतो. वरच्यासारख्या सत्तर-ऐंशी शब्दांच्या उताऱ्यात तीन-चार रेघा आल्या तर कामाला लागतो. आठ-दहा आल्या तर उतारा बाजूला ठेवून सोपा घेतो, कारण त्या मुलाला आधी शब्द हवे आहेत, युक्ती नव्हे. आणि घरी मूल 'आई, कृपण म्हणजे काय गं?' असे विचारत आले तर अर्थ लगेच सांगून टाकू नये, तसेच 'शोध तुझा तू' म्हणून परतही पाठवू नये. 'ते वाक्य मला वाचून दाखव बघू' एवढेच म्हणावे. निम्म्या वेळा वाचता वाचताच मुलाच्या ध्यानात येते.

परीक्षेत केवळ अर्थ विचारला की बरोबर आलेला अंदाज आणि शेजाऱ्याच्या वहीत पाहिलेले उत्तर यांत फरक करता येत नाही. म्हणून आमच्या वर्गात अशा प्रश्नाला दोन गुण असतात : एक अर्थासाठी आणि एक 'उताऱ्यातील कोणत्या शब्दांवरून हे ठरवले?' यासाठी. मागच्या चाचणीत एका मुलीने 'उद्विग्न'पुढे लिहिले होते, 'नाराज किंवा रागावलेला. "त्याचे कोणी ऐकले नाही" यावरून. दोन्हींतले नक्की कोणते ते उताऱ्यात नाही.' तिला आम्ही दोन्ही गुण दिले. तिच्या बाकावरच्या मुलाने 'खिन्न' असा अचूक अर्थ लिहिला होता आणि खालची ओळ कोरी ठेवली होती. त्याला एकच मिळाला, आणि त्यावरून तो आमच्याशी अजूनही वाद घालतो.