दोन ओळींची नोटीस आणि एक शिलाई मशीन

मार्चमध्ये आमच्या सोसायटीच्या फलकावर नोटीस लागली: "सदनिकेत कोणताही व्यवसाय करण्यास सक्त मनाई आहे. डिलिव्हरीवाल्यांनी लिफ्ट वापरू नये." तिसऱ्या मजल्यावर ब्लाउज शिवणाऱ्या ताई, शिकवणी घेणाऱ्या निवृत्त बाई, घरून काम करणारी आयटीतली मुलं आणि तळमजल्यावर ऑनलाइन मालाचं गोदाम थाटणारा गृहस्थ, सगळे एकाच गुन्ह्यात बसवले होते.

ती नोटीस ठरली तेव्हा समितीच्या बैठकीत मीही होतो आणि गप्प बसलो होतो, हे आधीच कबूल करतो. टेम्पोंचा रागच तेवढा होता. आमची पाण्याची टाकी गेटच्या आतल्या रस्त्याखाली आहे. भरलेल्या टेम्पोखाली तिचं झाकण तडकलं होतं आणि जिन्याखाली खोक्यांची भिंत उभी राहिली होती. आग लागली असती तर माणसं खाली कुठून उतरली असती?

दुसऱ्या दिवशी ताई भेटल्या. "दादा, मशीन विकू का आता?" एवढंच विचारलं. नवऱ्याचं काम सुटल्यापासून त्यांचं घर त्या मशीनवर चालतं. उत्तर सुचेना, म्हणून मी गेटवरचं रजिस्टर घेऊन बसलो.

सात दिवसांत जेवण, किराणा आणि पार्सल मिळून २८६ नोंदी होत्या. त्यातल्या २५१ दुचाकींच्या होत्या. त्या पाच मिनिटांत येऊन गेलेल्या, आणि त्यांना बोलावणारे आपणच, नोटिशीवर सही करणारेसुद्धा. टेम्पोच्या नोंदी ३५, आणि त्यांतल्या २७ त्या एकाच तळमजल्याच्या सदनिकेच्या. प्रत्येक टेम्पो अर्धा-पाऊण तास उभा. ताईंच्या नावावर एकही टेम्पो नव्हता. त्यांच्या गिऱ्हाइक बाया पिशवीत कापड घेऊन चालत येतात.

मग नियम काढून वाचला. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत निवासी भागात घरगुती व्यवसायाला जागा ठेवली आहे. शिलाई, भरतकाम यांसारखी कामं घरातल्या माणसांनी, पगारी मजूर न लावता करावीत. मोटार वापरलीच तर एकूण भार १ अश्वशक्तीच्या आत, म्हणजे साधारण पाऊण किलोवॅट. ताईंच्या घरगुती मशीनची मोटार याच्या जवळपासही जात नाही. गोदामात मात्र पगारावरची दोन पोरं दिवसभर पॅकिंग करत होती. सरकारी नियमाला जो फरक कळतो, तो आमच्या दोन ओळींना कळला नव्हता.

पुढच्या बैठकीत मी नवा मसुदा ठेवला. घरात कोण कशावर कमावतो, याची चौकशी सोसायटी करणार नाही. दाराबाहेर काय येतं, तेवढंच बघेल. जिना, पॅसेज आणि पार्किंगमध्ये माल ठेवायचा नाही. मालाचा टेम्पो गेटबाहेर थांबेल आणि माल हातगाडीवरून आत येईल. घर बदलणाऱ्याने आदल्या दिवशी कळवलं तर टेम्पो आत येईल, पण टाकी सोडून. नियम मोडणाऱ्याला आधी कारणे दाखवा नोटीस जाईल. दंडाचा निर्णय त्याचं म्हणणं ऐकून सर्वसाधारण सभा घेईल, सेक्रेटरी गेटवर उभा राहून नाही. आणि सदनिकेचा वापरच बदलला असेल, तर महापालिकेकडे तक्रार करायची. कुलूप लावायला आपण कोण?

लिफ्टच्या ओळीवरून मात्र जुंपली. "त्यांना जिना आहे की," एक काका म्हणाले. मी म्हटलं, "काका, लिफ्टमध्ये पाटी वाचा: ६ माणसं, ४०८ किलो. लिफ्टला वजन कळतं, माणूस कोण ते कळत नाही. जड खोकी चढवायची नाहीत असं लिहू. पण आठव्या मजल्यावर तुमची बिर्याणी आणणाऱ्याने जिन्याने यावं आणि तुम्ही लिफ्टने, हे कुठल्या वजनाच्या हिशेबात बसतं?" वाट कुणी वापरायची आणि कुणी नाही, हा हुकूम आपल्या आजा-पणज्यांनी गावात ऐकला आहे. तो आता डिलिव्हरीच्या टी-शर्टकडे बघून निघतो, एवढंच. काही जणांना हे लागलं. लागू दे.

एक गाठ मात्र सुटली नाही. लग्नसराईत ताई हुक आणि हातशिलाईला शेजारच्या चाळीतली एक मुलगी पैसे देऊन बोलावतात. नियमाच्या अक्षरात तीही पगारी मजूर. पॅसेज मोकळा आहे आणि शेजाऱ्यांची तक्रार नाही तोवर सोसायटी त्यात पडणार नाही, असं मी सुचवलं. गोदामवाला लगेच उठला, "मग माझीच पोरं का डोळ्यांत येतात?" प्रश्न खोटा नव्हता. पण त्याची पोरं कुणाच्या डोळ्यांत आली नव्हती, आली होती जिन्याखालची खोकी. ती हलवली तर पोरांबद्दल सोसायटीची तक्रार नाही, असं मी त्याला तिथेच सांगितलं.

मसुदा सर्वसाधारण सभेत ३१ विरुद्ध २२ मतांनी मंजूर झाला. टेम्पो आता गेटबाहेर थांबतात, हातगाडी सोसायटीने घेतली. खोकी निम्मी गेली आहेत, निम्म्यांसाठी कारणे दाखवा नोटीस या सोमवारी निघेल.