ज्याने चाखलं त्याचीच गवाही

घरचा मसाला विकायला काढला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: “आमच्या अम्मीच्या हातासारखा थोडाच असणार!” यात तक्रार नसते. हा अविश्वासही तसा रास्तच आहे. साबण, बादली, चादर माणूस दुकानात हाताळून घेतो. मसाला मात्र घरी जाऊन, पाव किलो मटणात पडल्याशिवाय कळत नाही, आणि बिघडला तर मसाल्याबरोबर मटणही जातं. ज्या घरात महिन्यातून दोनदाच मटण शिजतं, तिथली बाई अनोळखी पाकीट सहजासहजी फोडत नाही.

खेडहून आम्ही मसाला विकायला लागलो तेव्हा पहिल्या हंगामात अठरा घरांनी घेतला. एप्रिलमध्ये मिरच्या उन्हात वाळवून, खडा मसाला भाजून डंकावर कुटून आणलेला, एकूण चौदा किलो. बेडगी रंगाला, लवंगी तिखटाला. अठरातली सात घरं नात्यातली होती. त्यांचं कौतुक मी वहीत लिहिलं, पण गिऱ्हाइकांपुढे कधी ठेवलं नाही. नणंद माझ्या मसाल्याला वाईट म्हणणार नाही, हे घेणारीलाही ठाऊक असतं. खऱ्या कामाची होती ती उरलेली अकरा घरं: मुंब्रा, भिवंडी, पुण्यातला कोंढवा, दोन महाडला. त्यांनी आमचं तोंडही पाहिलं नव्हतं.

या अकरा जणींना काय विचारायचं आणि कधी, यावरच सगळं अवलंबून होतं. पार्सल पोचलं की लगेच “कसा वाटला?” म्हणून मेसेज टाकायची पद्धत सर्रास दिसते. त्यावर उत्तर येतं, “माशाअल्लाह, मस्त!” आणि एक अंगठा. वाचून आपल्याला बरं वाटतं, पण नव्या बाईच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. असा अंगठा अत्तरालाही चालतो आणि पापडालाही. शिवाय त्या दिवशी तिने मसाला अजून चाखलेलाच नसतो. पाकीट फुटलं नाही आणि वास बाहेर आला नाही, एवढंच ती त्या दिवशी सांगू शकते. म्हणून तेवढंच विचारायचं.

चवीचं विचारायची वेळ आमच्याकडे आपोआप ठरली. बहुतेकींनी बकरी ईदसाठी मसाला घेतला होता. ईदच्या धावपळीत कुणाला छेडायचं नाही, म्हणून चार-पाच दिवस जाऊ दिले आणि मग प्रत्येकीला वेगळा मेसेज केला. प्रश्न मोजकेच होते. कोणत्या सालनात घातलात? एक किलो मटणाला किती चमचे लागले? आधी कोणता मसाला वापरत होता? आणि घेण्याआधी मनात काय धाकधूक होती? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात मोलाचं वाटतं. जी धाकधूक तिला होती तीच पुढच्या दहा जणींना असते, फक्त त्या बोलून दाखवत नाहीत आणि गप्प निघून जातात.

अकरापैकी नऊ जणींनी उत्तर दिलं. मुंब्र्याच्या एक भाभी टाइप करायला कंटाळल्या आणि चालता चालता बोलून पाठवलं: “मला वाटलं होतं मीठ घालून वजन वाढवलं असेल, म्हणून पहिल्यांदा सालनात मीठ कमीच टाकलं. तर सालन अळणी झालं. मग वरून मीठ घातलं. किलोला तीन चमचे पुरले, आधीच्या मसाल्याचे पाच लागायचे.” या चार वाक्यांत मिठाची शंका, प्रमाण आणि तुलना, तिन्ही आलं. हे मी जाहिरातीत लिहिलं असतं तर कुणी मानलं नसतं.

बोलून आलेलं लिहून काढताना “अळणी झालं” हे शब्द गाळायचा मोह होतो. ते गाळू नयेत. तिच्या तोंडचं आहे हे त्या शब्दांवरूनच कळतं. शुद्धलेखन नीट करावं, पण वाक्य सजवू नये. सजवलं की दहा बायकांची दहा मतं एकाच बाईने लिहिल्यासारखी वाटू लागतात आणि वाचणारीला ते चटकन जाणवतं. लिहून झालं की मी ते तिलाच परत पाठवते आणि विचारते, हे दुसऱ्यांना दाखवलं तर चालेल का? नाव घालू की नको? आपल्या घरांत हा प्रश्न नाजूक असतो. पाचजणींना नाव नको होतं, एकीला गावही नको होतं. मग “मुंब्रा, सहा माणसांचं घर” एवढंच लिहिलं. स्क्रीनचा फोटो द्यायचा असेल तर नंबर आणि डीपी कापूनच. मूळ मेसेज मात्र माझ्याकडे जपलेला असतो. उद्या कुणी “खरं कशावरून?” म्हणालं, तर त्या बाईला विचारून दोघींचं बोलणं करून देता येतं. दोनदा तसं करून दिलंही.

नऊपैकी वापरण्याजोगी सहाच निघाली. दोन नुसती दुआ देणारी होती. नववीत एका खालांनी लिहिलं होतं की या मसाल्याने त्यांची ॲसिडिटी गेली. त्यांचा अनुभव खरा असेलही, पण तो मी कुणाला दाखवला नाही. मसाल्याने आजार बरा होतो असं मला स्वतःला पाकिटावर छापता येत नाही, तर गिऱ्हाइकाच्या तोंडून वदवूनही चालणार नाही.

इथेच गवाहीची हद्द लक्षात येते. माणूस त्याने पाहिलेल्या, चाखलेल्या गोष्टीचीच गवाही देऊ शकतो. तिखट किती, चमचे किती, पाकीट कसं आलं, हे गिऱ्हाईक सांगू शकतं. मसाल्यात रंग आहे की नाही, हे ते सांगू शकत नाही, कारण नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही. भिवंडीच्या एका भाभींनी एक किलोची चौकशी करताना पहिला प्रश्न हाच केला, रंग टाकता का? त्यांना कुणाचंही मत पाठवलं नाही. मिरच्या वाळत घातल्याचा आणि डंकावरचा व्हिडिओ पाठवला, कोणता जिन्नस किती हे लिहून दिलं, आणि म्हटलं, आधी पन्नास ग्रॅम घ्या. ग्लासभर पाण्यावर चिमूट टाकून पाहण्याची जी घरगुती पद्धत आहे, त्यात पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग लगेच रेषा सोडत खाली उतरतो. तेलात विरघळणारा रंग मात्र त्यातून कळत नाही, हेही सांगितलं. त्यांचा दुसरा प्रश्न होता, मुलं खातील का? त्यासाठी माझ्याकडे गवाह होती.

ती गवाह म्हणजे कोंढव्याची नाराज बाई. तिने लिहिलं होतं, “चव चांगली आहे, पण मुलांना झेपला नाही. दुसऱ्या वेळी निम्मा घातला आणि दही वाढवलं, मग खाल्लं.” घरच्यांचं मत पडलं की हे दाखवू नये, धंदा मोडेल. मला ते पटलं नाही. मसाला तिखटच आहे. ते लपवलं तर आणखी दहा घरांत मुलं रडतील आणि दहा घरं परत येणार नाहीत. मी ते मत तिच्या परवानगीने बाकीच्यांच्या मधोमध ठेवलं. भिवंडीच्या भाभींना तेवढं आणि मुंब्र्याचं, अशी दोनच पाठवली. सहाच्या सहा एकदम पाठवली की कुणी एकही वाचत नाही. त्यांनी आधी पन्नास ग्रॅम नेला, आणि तीन आठवड्यांनी एक किलो सांगितला, त्यात निम्मा कमी तिखट करून. कमी तिखटाचं वेगळं पाकीट त्या ऑर्डरपासून सुरू झालं.

फुकट नमुन्यांबद्दलही सांगायला हवं. नंतर आम्ही काही घरांना पन्नास ग्रॅम मोफत दिला. त्यांची मतं आली तेव्हा प्रत्येकाखाली “नमुना मोफत दिला होता” असं लिहिलं. मोफत दिलंय म्हणून मत खोटं ठरत नाही, पण वाचणारीला ते माहीत असावं. चांगलं लिहिलं तर पुढच्या पाकिटात सूट, असा सौदा मात्र करूच नये. मतासाठी सूट द्यायचीच असेल तर वाईट लिहिणारीलाही तीच द्यावी लागेल, आणि इतकी हिंमत माझ्यात नाही, म्हणून देतच नाही. ऑनलाइन दुकानांवर विकत घेतलेल्या मतांचा इतका सुळसुळाट झाला की भारतीय मानक ब्युरोने 2022 साली ग्राहकांच्या ऑनलाइन मतांसाठी आयएस 19000 नावाचं मानक काढलं. मत देणारा खरा आहे याची खातरजमा करावी आणि पैसे देऊन लिहून घेतलेली मतं छापू नयेत, हा त्यातला गाभा. ते मोठ्या कंपन्यांना समोर ठेवून केलेलं असलं तरी माझ्या वहीलाही लागू पडतं असं मी धरून चालते.

आणखी एक वेळ बहुतेक सगळ्याजणी विसरतात, ती पावसाळ्यानंतरची. कोकणात किंवा मुंबईकडे मसाला ऑगस्टपर्यंत कसा राहतो, हा घेणारीचा मोठा सवाल असतो. गाठी धरतात का, जाळी लागते का, वास उतरतो का? याचं उत्तर जूनमध्ये कुणीच देऊ शकत नाही. म्हणून सप्टेंबरात मी पुन्हा विचारलं. चौघींचा मसाला अजून शिल्लक होता. तिघींनी चांगला असल्याचं सांगितलं, त्या तो काचेच्या बरणीत ठेवून सुका चमचाच वापरत होत्या. चौथीचा गाठाळला होता, तिने पाकीट तसंच चुलीशेजारी ठेवलं होतं. त्या चौघींची मतं मी एकत्रच दाखवते, बरणीच्या सूचनेसकट. पुढच्या वर्षी आगाऊ ऑर्डर देणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी याच मतांचा उल्लेख केला.

आता दर मताखाली महिना आणि वर्ष असतं. मिरची दर वर्षी सारखी येत नाही. बेडगी कधी रंगाला कमी पडते, लवंगी कधी जास्त झणझणीत निघते. गेल्या वर्षीच्या मसाल्याची तारीफ यंदाच्या पाकिटावर चिकटवली तर ती दुसऱ्याच मालाची गवाही होते. प्रमाणाची आणि तिखटाची मतं मी दर हंगामाला नव्याने गोळा करते, जुनी मागे ठेवते. पार्सलची जुनी मतं चालतात, कारण पाकीट तेच आहे. यंदाचा पहिला माल डंकावरून आलाय, आणि मुंब्र्याच्या भाभींचं पार्सल परवा निघालं.