आजीची भिंत

सुटीत आमच्या घरी मुलांची पलटण जमली, म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर गोष्टीचा तगादा सुरू होतो. राजाराणीच्या गोष्टी आमच्याजवळ आता उरल्या नाहीत. तेव्हा यंदा आम्ही डहाणूकडील एका वारली आजीची गोष्ट रचून सांगितली. गोष्ट कल्पित, पण तसल्या भिंती आम्ही त्या तालुक्यात मास्तरकी करीत असता प्रत्यक्ष पाहिल्या आहेत. (तो तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेला.)

आजीचे घर कारवीच्या काठ्यांचे. त्यावर शेणमातीचा लेप आणि लेपावर गेरूचा हात. थोरल्या नातवाच्या लग्नात त्या भिंतीवर सवाष्णींनी लग्नाचा चौक काढला. चौक म्हणजे नक्षीच्या पट्ट्यांची चौकट. तिच्या मध्यभागी पालघाट देवी आणि भोवती झाडे, माणसे, सूर्य, चंद्र. ही देवी भिंतीवर आल्यावाचून वारल्यांत लग्न लागत नाही.

येथे आमच्या धाकट्या नातवाने विचारले, “रंग कोठून आणला?” रंग कसला! तांदूळ भिजवून पाट्यावर वाटावयाचे आणि पाण्यात कालवावयाचे. बांबूच्या काडीचे टोक चावून चावून तंतू मोकळे झाले, की झाला कुंचला. मौज अशी की, ओले असता हे पीठ गेरूवर जेमतेम दिसते, वाळू लागले म्हणजे पांढरे उमटते. म्हणून नवखी बाई दिसत नाही या भीतीने दाट पीठ लावते, आणि दाट लेप वाळला की त्याच्या खपल्या निघतात. आजी पीठ डोळ्यांनी पाहत नसे, दोन बोटांत चोळून पाही. बोटाला कण लागला की म्हणे, “अजून वाट.”

या आजीची नात शांतिनिकेतनात कलाभवनात कलेचा इतिहास शिकावयास गेली. घरापासून दोन रात्रींचा आगगाडीचा प्रवास. तेथे एके दिवशी वर्गात वारली चित्रांचा विषय निघाला. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी यांनी या लोकांना कागद आणि पांढरा रंग दिला, भिंतीवरील चित्र कागदावर आले, आणि जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. मशे २०१८ साली वारले. पोरीचा ऊर भरून आला. पण लगेच मनात आले, कागदावरील चित्रे संग्रहालयात राहतील, आमच्या आजीच्या भिंतीचे काय? तिने भावाला फोन केला, “चौकावर सुताराचा पांढरा डिंक पाण्यात कालवून लाव. म्हणजे तो टिकेल.”

भावाने आजीला न विचारता तसे केले. महिनाभर चौक काचेसारखा चकाकला. मग पावसाळा लागला. मातीची भिंत जमिनीतील ओल शोषते आणि पृष्ठभागातून बाहेर टाकते. डिंकाच्या पापुद्र्याने तिची ती वाट बंद केली. ओल आत कोंडली, आधी फुगवटे आले, आणि श्रावणात पापुद्रा सुटला तो पीठ, गेरू आणि खालची माती घेऊनच. देवीच्या जागी उघडी कारवी दिसू लागली. नुसते पीठ असते तर बुरशीने, धुराने हळूहळू मळले असते इतकेच.

आमची थोरली नात येथे रडकुंडीला आली. “आजी रागावली का?”

रागावली ती नातवावर, न विचारल्याबद्दल. फोनवर नात रडत होती, तिला आजी म्हणाली, “अगं, त्या चौकाचे लग्न केव्हाच लागले. आता धाकट्याचे आहे. भिंत सारवायचीच होती. तू ये.”

“पण आजी, तो चौक पुन्हा तसा येईल का?”

“तसा कशाला? धाकट्याचा येईल.”

हे उत्तर पोरीला पटले असे आम्ही मुलांना सांगितले नाही, कारण आम्हांलाच ते पुरते पटलेले नाही. जुनी वही फाडताना आमचा हात अद्याप अडतो. पोरीने एवढे केले, की भावाकडून पडक्या भिंतीची छायाचित्रे मागविली, आणि आजीला विचारून विचारून कोणती रेघ कोणी काढली ते वहीत उतरून घेतले.

लग्नाला ती आली. भिंतीवर नवा गेरू वाळत होता. पोरीने काडी उचलली, तोच आजीने ती काढून घेतली. चौक काढण्याचा मान सवाष्णींचा, आणि ही अजून कुमारिका. इतक्या पुस्तकांतून चौक शिकलेल्या मुलीच्या वाट्याला पाटा-वरवंटा आला. तिने पदर खोचून तासभर तांदूळ वाटले आणि वाटी आजीपुढे धरली.

आजीने दोन बोटांत पीठ चोळले आणि म्हणाली, “अजून वाट.”